माद्रिदच्या पासपोर्ट खिडकीवर: तीन स्पॅनिश प्रश्न आणि त्यांची दोन-तीन शब्दांची उत्तरं

१२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपातल्या शेंगेन देशांच्या सीमेवर नवी नोंदणी पद्धत सुरू झाली. शेंगेन म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेले २९ देश, आणि स्पेन त्यांतलाच एक. या पद्धतीत पासपोर्टवर शिक्का उमटवण्याऐवजी प्रवाशाचा चेहरा, बोटांचे ठसे आणि येण्या-जाण्याची तारीख संगणकात नोंदली जाते. टप्प्याटप्प्यानं करत १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळ्या सीमांवर पोचवायची, असं वेळापत्रक ठरलं होतं.

ही बातमी आल्यापासून स्पेनला निघालेली माणसं एकच गोष्ट विचारतात: "आता सगळं यंत्रच करणार ना? मग कुणी काही विचारणार नाही?" विचारणार. यंत्र फक्त नोंद करतं. आत सोडायचं की नाही, हे आजही काचेमागे बसलेला माणूसच ठरवतो. स्पेनच्या विमानतळावर हा माणूस राष्ट्रीय पोलीस दलाचा असतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुतेकदा स्पॅनिशमधूनच येतो.

त्या खिडकीवर नेमकं काय विचारतात आणि कमीत कमी शब्दांत त्याचं उत्तर कसं द्यायचं, एवढंच इथे सांगायचं आहे. स्पॅनिश शब्द स्पेनमधल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

## आधी हे बघा: स्पॅनिश प्रश्न तुम्हाला विचारणार तरी आहेत का?

शेंगेनमध्ये जिथे पहिलं पाऊल पडतं, तपासणी तिथेच होते. तुमचं विमान आधी फ्रँकफुर्टला उतरून पुढे माद्रिदला जाणार असेल, तर प्रश्न फ्रँकफुर्टला विचारले जातील, आणि ते जर्मन किंवा इंग्रजीत असतील. माद्रिदला तुम्ही देशांतर्गत प्रवास करून आल्यासारखे थेट बाहेर पडाल. उलट दोहा, दुबई किंवा इस्तंबूलवरून थेट माद्रिद किंवा बार्सिलोनाला उतरलात, तर खिडकी स्पेनची. पुढे लिस्बनला जायचं असलं तरी प्रश्न स्पॅनिश पोलीसच विचारणार.

उतरल्यावर 'कोन्त्रोल दे पासापोर्तेस' म्हणजे पासपोर्ट तपासणी अशी पाटी शोधायची. रांगा दोन प्रकारच्या असतात. युरोपीय नागरिकांची वेगळी, आणि 'तोदोस लोस पासापोर्तेस' म्हणजे 'सर्व पासपोर्ट' असं लिहिलेली दुसरी. आपली ती दुसरी.

## व्हिसा दिलाय, मग परत चौकशी कशाला?

हा राग मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो मला समजतो. व्हिसासाठी बँकेची कागदपत्रं दिली, ठसे दिले, पैसे भरले. पण युरोपच्या व्हिसा नियमावलीच्या ३० व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की नुसता व्हिसा जवळ असल्यानं आत येण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

व्हिसाला परीक्षेचं हॉल तिकीट समजा. त्याच्याशिवाय दारातून आत सोडत नाहीत. पण हॉल तिकीट असलं तरी वर्गातला पर्यवेक्षक फोटो आणि चेहरा ताडून बघतोच. सीमेवरचा अधिकारीही तेच करतो. शेंगेनच्या सीमा संहितेचं सहावं कलम त्याला काही गोष्टींची खात्री करायला सांगतं: पासपोर्ट चालू आहे का, व्हिसा आहे का, येण्याचं कारण आणि राहण्याची सोय पटण्यासारखी आहे का, खर्चापुरते पैसे आहेत का, आणि तुमच्यावर कुठे बंदी तर नाही ना.

यातल्या पासपोर्ट, व्हिसा आणि बंदीच्या गोष्टी त्याला पडद्यावर दिसतात. का आलात, किती दिवस, कुठे उतरणार, हे मात्र तुमच्याकडूनच कळू शकतं. म्हणून नेमके हेच तीन प्रश्न. तुमच्या गप्पांत त्याला रस नसतो, तो तुमचं स्पॅनिशही तपासत नसतो. तुम्ही बोललेलं आणि तुमच्या हातातला कागद एकमेकांशी जुळतात का, हे तो बघत असतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं, की उत्तर छोटं का हवं ते आपोआप कळतं. उत्तरात जितके शब्द जास्त, तितक्या जास्त गोष्टी जुळवायला लागतात.

## वाक्य पाठ करू नका, प्रश्नातला एक शब्द पकडा

बाजारातल्या संभाषण-पुस्तिका लांबलचक वाक्यं देतात: 'मी सुट्टीसाठी आपल्या सुंदर देशात बारा दिवसांकरता आलो आहे.' पाठांतर चांगलं झालं असेल तर यातून वेगळीच अडचण उभी राहते. अधिकाऱ्याला वाटतं, या माणसाला स्पॅनिश येतं. मग पुढचा प्रश्न तो त्याच्या नेहमीच्या वेगानं विचारतो, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत राहता. आत्ता फडाफडा बोलणारा माणूस अचानक गप्प का झाला, हे त्यालाही कळत नाही.

त्यापेक्षा कान तयार करा. तीन प्रश्न तीन खुणांनी ओळखता येतात. 'मोतीबो' किंवा 'आ के ब्येने' ऐकू आलं, की विचारणा कारणाची आहे. 'क्वान्तो' किंवा 'क्वान्तोस' आलं, तर 'किती'. 'दोंदे' आलं, तर 'कुठे'. बाकीचं वाक्य समजलं नाही तरी चालतं. उत्तरही त्याच मापाचं द्यायचं: कारणाला एक नाम, 'किती'ला एक आकडा, 'कुठे'ला एक जागा. क्रियापद नाही, व्याकरण नाही, पुल्लिंग-स्त्रीलिंगाची काळजी नाही.

असं तुटक बोलणं उद्धट वाटेल, ही शंका हमखास येते. खिडकीवर ते तसं वाटत नाही. तिथे तोही तुटकच बोलत असतो. सुरुवातीला नमस्कार म्हणून 'ब्वेनोस दियास' (दुपारच्या जेवणानंतर 'ब्वेनास तार्देस') आणि शेवटी 'ग्राथ्यास', म्हणजे धन्यवाद, म्हटलं की शिष्टाचार पूर्ण झाला.

## पहिला प्रश्न: का आलात?

'क्वाल एस एल मोतीबो दे सु ब्याखे?' म्हणजे 'आपल्या प्रवासाचं कारण काय?' घाईत असेल तर नुसतं 'मोतीबो?' किंवा 'आ के ब्येने आ एस्पान्या?', म्हणजे 'स्पेनला कशासाठी येताय?'

फिरायला गेलेल्यानं म्हणायचं 'तुरीस्मो'. एकच शब्द, संपलं. नातेवाइकांना भेटायला आलेल्यानं 'बिसीता फामिल्यार', आणि लगेच कोणाला ते: 'मि ईखो' म्हणजे माझा मुलगा, 'मि ईखा' म्हणजे माझी मुलगी, 'मि एर्मानो' म्हणजे माझा भाऊ. परिषदेला आलेल्यानं 'उन कोन्ग्रेसो'. कंपनीच्या बैठकांसाठी आलेल्यानं 'रेउन्योनेस', म्हणजे बैठका, किंवा 'नेगोथ्योस', म्हणजे व्यापारी काम.

शेवटच्या प्रकारात जपून राहायला हवं. आपण मराठीत सहज म्हणतो, 'कामासाठी आलोय'. त्याचं स्पॅनिश 'पोर त्राबाखो' असं होतं, आणि ते चुकीचंही नाही. पण 'त्राबाखो' आणि 'त्राबाखार' हे शब्द नोकरीसाठीही वापरतात, आणि अल्प मुदतीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ग्राहकाला भेटायला आलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द आला की पुढचे चार प्रश्न वाढतात. 'रेउन्योनेस' म्हटलं की कुठली कंपनी एवढं विचारून, पत्र बघून विषय संपतो.

असाच घोळ मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आयांचा होतो. 'नातवाला सांभाळायला आलेय' हे आपल्याकडे जगातलं सर्वांत निर्मळ कारण. पण 'कुइदार', म्हणजे सांभाळणं, हा तिथे पगारी नोकरीचाही शब्द आहे. तेव्हा कारण विचारल्यावर 'बिसीता फामिल्यार, मि ईखा' एवढंच म्हणावं, कारण कागदोपत्री आणि खरोखरही ती कुटुंबाची भेटच आहे. बाळाबद्दल थेट विचारलं तर लपवू नये. आजीनं नातवाजवळ असण्यात काहीच गैर नाही. फक्त पहिला शब्द नोकरीचा भास निर्माण करणारा नको.

## दुसरा प्रश्न: किती दिवस?

'क्वान्तो त्येम्पो से बा आ केदार?', म्हणजे 'किती काळ राहणार?' किंवा 'क्वान्तोस दियास?', म्हणजे 'किती दिवस?' उत्तर: 'दोथे दियास', बारा दिवस. हा प्रश्न तिघांतला सर्वांत सोपा वाटतो, पण चुका सगळ्यांत जास्त इथेच होतात.

पहिली चूक व्हिसाचा स्टिकर वाचण्यात. त्यावर एक 'पासून' तारीख असते, एक 'पर्यंत' तारीख असते आणि 'दुराथ्योन' म्हणजे कालावधी या शब्दाशेजारी दिवसांचा आकडा असतो. 'पासून-पर्यंत' ही दार उघडं असण्याची मुदत. 'दुराथ्योन' म्हणजे त्या मुदतीत जास्तीत जास्त किती दिवस आत राहता येईल. पहिली मुदत बहुतेकदा लांब असते, कारण प्रवास पुढेमागे झाला तर अडचण नको म्हणून साधारण पंधरा दिवस जादा दिलेले असतात. अनेक जण खिडकीवर 'पर्यंत'ची तारीख सांगून मोकळे होतात. ती परवानगी मिळालेल्या दिवसांपलीकडची निघाली, तर जादा राहायचा बेत आहे असा त्याचा अर्थ होतो.

खरं उत्तर या दोन्हींत नाही, ते परतीच्या तिकिटात आहे. अधिकारी तुमचा बेत विचारतोय, तुमची कमाल मर्यादा नव्हे. उतरण्याचा दिवस पहिला आणि निघण्याचा दिवस शेवटचा, असे दोन्ही धरून मोजायचं, कारण नियमही तसंच मोजतो. हॉटेलचं आरक्षण रात्रींत असतं, म्हणून तिथे एक आकडा कमी दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरी चूक आकड्यांच्या उच्चाराची. 'दोस' म्हणजे दोन आणि 'दोथे' म्हणजे बारा. 'त्रेस' म्हणजे तीन, 'त्रेथे' म्हणजे तेरा. 'सेसेन्ता' साठ, 'सेतेन्ता' सत्तर. काचेपलीकडून आणि गोंगाटात हे सगळे सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा सांगतानाच परतीचं तिकीट पुढे करा आणि तारखेवर बोट ठेवा. किंवा दिवसांऐवजी तारीखच सांगा: 'आस्ता एल बेइन्ते दे मायो', म्हणजे २० मेपर्यंत. 'आस्ता' म्हणजे 'पर्यंत', आणि हा शब्द खरोखर पाठ करण्याजोगा आहे.

तिसरी गफलत ऐकण्याची. 'क्वान्तो' ऐकलं आणि तुम्ही दिवस सांगितले, पण प्रश्न होता 'क्वान्तो दिनेरो त्राए?', म्हणजे 'किती पैसे आणलेत?' 'किती' कळल्यावर घाई न करता पुढचा शब्द ऐका. 'त्येम्पो' किंवा 'दियास' असेल तर काळ, 'दिनेरो' असेल तर पैसे. पैशांचा नियम २०२५ मध्ये माणशी दिवसाला ११८.४० युरो आणि एकूण किमान १,०६५.६० युरो असा होता. तो स्पेनच्या किमान वेतनाला जोडलेला असल्यानं वेतन बदललं की बदलतो. सगळी रक्कम रोख दाखवावी लागत नाही. कार्ड आणि खात्याचा ताजा उतारा चालतो. 'तार्खेता' म्हणजे कार्ड.

नव्या नोंदणीमुळे दिवसांचा हिशेब काटेकोर झाला आहे, हेही इथेच सांगायला हवं. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पूर्वी त्यासाठी अधिकारी पासपोर्टची पानं उलटून शिक्के मोजायचा. एखादा शिक्का पुसट असेल तर हिशेब अंदाजानं व्हायचा. आता उरलेले दिवस संगणकच दाखवतो. मागच्या सहा महिन्यांत शेंगेनमध्ये येऊन गेला असाल, तर आधीचे दिवस वजा करूनच निघा.

## तिसरा प्रश्न: कुठे राहणार?

'दोंदे से बा आ आलोखार?' किंवा 'दोंदे से आलोखा?', म्हणजे 'कुठे उतरणार?' उत्तर: 'एन उन ओतेल, एन सेबिया', सेवियातल्या एका हॉटेलात. सोबत 'आकी एस्ता ला रेसेर्बा', हे घ्या आरक्षण. बोलून दाखवण्यापेक्षा छापील आरक्षण सरकवणं नेहमीच बरं. हॉटेलांची नावं आपण वेगळ्याच तऱ्हेनं उच्चारतो. चार शहरं फिरणार असाल तर सगळी यादी म्हणून दाखवू नका. पहिल्या रात्रीचं ठिकाण सांगा आणि बाकीचा कार्यक्रम कागदावर द्या.

इथे मराठी माणसाला एक खास सापळा आहे. आपलं 'राहणं' हे क्रियापद सगळीकडे चालतं. हॉटेलात चार दिवस राहतो, मावशीकडे सुट्टीत राहतो आणि जन्मभर एकाच गावात राहतो. स्पॅनिशमध्ये यांचे शब्द वेगळे आहेत. तात्पुरतं उतरणं म्हणजे 'आलोखार्से'. काही काळ थांबणं म्हणजे 'केदार्से'. कायम वस्ती करणं म्हणजे 'बिबिर'. शब्दकोशात 'राहणे' शोधून पहिला मिळालेला शब्द उचलला की 'बिबिर' हाती येतो, आणि 'मी मुलीबरोबर राहणार' याचा अर्थ होतो 'मी मुलीकडे कायमची वस्तीला आले आहे'. पर्यटक व्हिसावर हे वाक्य फार महाग पडू शकतं. त्यामुळे क्रियापद टाळा. 'कासा दे मि ईखा', माझ्या मुलीचं घर, एवढं पुरेसं आहे.

घरी उतरणाऱ्यांसाठी कागदाचीही एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळांना उशिरा कळते. मुलानं साध्या कागदावर किंवा ईमेलवर लिहिलेलं 'आई माझ्याकडे उतरणार आहे' हे पत्र स्पेनमध्ये निमंत्रण धरलं जात नाही. तिथे 'कार्ता दे इन्बिताथ्योन' नावाचं अधिकृत निमंत्रणपत्र असतं. यजमानानं आपल्या भागातल्या राष्ट्रीय पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज करायचा, घराचा पुरावा आणि पाहुण्याच्या पासपोर्टची माहिती द्यायची, शुल्क भरायचं, मग ते मिळतं. त्याला वेळ लागतो. मूळ प्रत पाहुण्याकडे पोचायला हवी, आणि ती सामानात नको, हातातल्या पिशवीत हवी, कारण सामान या खिडकीच्या पलीकडे मिळतं. हे पत्र फक्त राहण्याच्या सोयीचा पुरावा आहे. पैसे आणि परतीचं तिकीट वेगळं दाखवावं लागतंच.

आणखी एक सवय मला मनापासून खटकते. व्हिसासाठी हॉटेलं आरक्षित करायची, व्हिसा हातात आला की रद्द करायची आणि प्रत्यक्षात ओळखीच्या घरी उतरायचं. खिडकीवर जुनं आरक्षण दाखवलं आणि अधिकाऱ्यानं हॉटेलला फोन लावला, की एका मिनिटात सगळं उघडं पडतं. मग बाकीची खरी उत्तरंही खोटी वाटायला लागतात. बेत बदलला असेल तर नवं आरक्षण करून घ्या आणि विचारल्यावर बदलला म्हणून सांगा. बेत बदलणं हा गुन्हा नाही.

## एक उदाहरण, पहिल्या शब्दापासून

समजा, एक ६१ वर्षांच्या काकू एकट्या माद्रिदला उतरल्या आहेत. मुलगी बालेन्थ्याला, म्हणजे वालेन्सियाला असते. व्हिसावर १ मे ते १४ जून अशी मुदत आहे आणि कालावधी ३० दिवस. ४ मेला उतरणं, ३१ मेला परतीचं विमान. पहिल्या दोन रात्री माद्रिदच्या हॉटेलात, मग मुलगी येऊन घेऊन जाणार. हातात एक प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात वरून खाली: परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, निमंत्रणपत्र, प्रवास विमा, बँकेचा उतारा.

काकू: "ब्वेनोस दियास." पासपोर्ट देतात.

अधिकारी: "ब्वेनोस दियास. आ के ब्येने आ एस्पान्या?"

'आ के ब्येने' ऐकू आलं, म्हणजे कारण विचारतोय.

काकू: "बिसीता फामिल्यार. मि ईखा."

अधिकारी: "सु ईखा बीबे आकी?"

यातलं 'ईखा' त्यांच्या ओळखीचं, 'बीबे' हे 'बिबिर'चं रूप आणि 'आकी' म्हणजे 'इथे'. मुलगी इथे राहते का? मुलीच्या बाबतीत 'बिबिर' बरोबरच आहे, ती तिथली रहिवासी आहे.

काकू: "सी. एन बालेन्थ्या."

अधिकारी: "क्वान्तो त्येम्पो से बा आ केदार?"

'क्वान्तो' आणि 'त्येम्पो', म्हणजे काळ. ४ मे ते ३१ मे, दोन्ही दिवस धरून अठ्ठावीस.

काकू: "बेइन्तिओचो दियास." तिकीट पुढे करून ३१ मेवर बोट ठेवतात.

तीसच्या आत आहे, जुळलं. त्यांनी १४ जून म्हटलं असतं तर ४ मेपासून बेचाळीस दिवस झाले असते, आणि इथेच गाडी अडली असती.

अधिकारी: "इ दोंदे से आलोखा?"

काकू: "दोस नोचेस, ओतेल, माद्रीद. देस्पुएस, कासा दे मि ईखा." आरक्षण आणि निमंत्रणपत्र एकत्र देतात. 'देस्पुएस' म्हणजे 'नंतर'. ठिकाणं दोन असतील तर या शब्दाला पर्याय नाही.

मग तो एक लांब वाक्य बोलतो. त्यात 'आयुदार' आणि 'निन्योस' असं काहीतरी ऐकू येतं. काकूंना कळत नाही. मान डोलवून 'सी', म्हणजे 'हो', म्हणण्याचा मोह होतो, पण त्या म्हणतात:

"नो एन्त्येन्दो. इन्ग्लेस, पोर फाबोर."

समजलं नाही, कृपया इंग्रजी. तो इंग्रजीत विचारतो: मुलांना सांभाळायला मदत करणार आहात का? काकू त्यांना जमेल त्या इंग्रजीत सांगतात, नातवंडं आहेत, त्यांना भेटायला आले. मग तो बोटं ठेवायला आणि कॅमेऱ्याकडे बघायला सांगतो: 'लोस देदोस आकी', 'मीरे आ ला कामारा'. व्हिसाच्या वेळी दिलेल्या ठशांशी ठसे पडताळले जातात, चेहऱ्याचा फोटो निघतो. काकू "ग्राथ्यास" म्हणतात आणि आत जातात.

## त्यांना इंग्रजी येतं, मग ही मेहनत कशाला?

माद्रिद आणि बार्सिलोनाच्या बऱ्याच अधिकाऱ्यांना कामापुरतं इंग्रजी येतं, हे खरं आहे. इंग्रजी चांगलं बोलता येत असेल, तर सरळ 'इन्ग्लेस, पोर फाबोर' म्हणून तेच बोला, त्यात कमीपणा नाही. ही तयारी मी मुख्यतः त्यांच्यासाठी सांगतोय ज्यांचं इंग्रजीही अडखळतं. अशा माणसाच्या बाबतीत दोन्ही बाजू परक्या भाषेत चाचपडतात, आणि गैरसमज तिथे होतात. त्याच्या भाषेतला 'तुरीस्मो' हा एक शब्द, दोघांच्या मोडक्या इंग्रजीतल्या तीन वाक्यांपेक्षा जास्त पक्का असतो.

## न समजता 'सी' म्हटलं तर काय होतं?

हीच खरी धोक्याची जागा आहे. न समजलेल्या प्रश्नाला होकार देऊन सुटका करून घ्यायची सवय पुष्कळांना असते, विशेषतः गणवेशातला माणूस समोर असला की. प्रश्न जर 'ब्येने आ त्राबाखार?', म्हणजे 'नोकरी करायला आलात?' असा असेल, तर त्या एका 'सी'नं सगळे कागद फिके पडतात. 'नो एन्त्येन्दो' म्हणण्यानं आजवर कुणाचा प्रवेश नाकारला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. 'मास देस्पाथ्यो, पोर फाबोर', म्हणजे 'जरा सावकाश', हेही म्हणता येतं. समोरचा माणूस खरोखर वेग कमी करतो.

## बाजूच्या खोलीत नेलं तर?

उत्तर आणि कागद जुळले नाहीत, किंवा एखादा कागद कमी पडला, तर खिडकीवरचा अधिकारी रांग अडवून धरत नाही. तो प्रवाशाला सविस्तर चौकशीसाठी बाजूला बसवतो. याचा अर्थ नकार असा नाही. बरेच जण तिथून थोड्या वेळानं बाहेर पडतात. प्रश्न तेच असतात, फक्त खोलात जाऊन विचारतात: मुलीचा पत्ता काय, तिकीट कोणी काढलं, आपल्या देशात नोकरी काय करता. उत्तरंही तीच द्यायची. खिडकीवर अठ्ठावीस दिवस सांगितले असतील तर खोलीतही अठ्ठावीसच.

मात्र इथे अर्धवट भाषेत रेटू नका. 'नेथेसीतो उन इन्तेर्प्रेते', मला दुभाषी हवा, असं सांगा. प्रवेश नाकारण्याची प्रक्रिया सुरू झाली तर स्पेनच्या कायद्यानं दुभाष्याचा आणि वकिलाचा हक्क दिलेला आहे. नकार द्यायचा झाला तर तो लेखी द्यावा लागतो, ठरावीक नमुन्यात आणि कारणावर खूण करून. त्याविरुद्ध अपील करता येतं, पण अपील केलं म्हणून त्या दिवशी आत सोडत नाहीत. त्या कागदावर सही करण्याआधी दुभाष्याकडून कारण वाचून घ्या. पुढच्या व्हिसा अर्जात तेच कारण समोर येणार असतं.

## मेक्सिको किंवा अर्जेंटिनाला हेच चालेल का?

प्रश्न तेच, उच्चार थोडे वेगळे. तिकडे 'थ'च्या जागी 'स' येतो: 'ग्रास्यास', 'नेसेसीतो', आणि बारा म्हणजे 'दोसे'. म्हणजे 'दोस' आणि 'दोसे' आणखीच जवळ येतात, त्यामुळे आकडा लिहून दाखवणं तिकडे जास्त गरजेचं. परतीच्या तिकिटाला स्पेनमध्ये 'बियेते दे ब्वेल्ता' म्हणतात, मेक्सिकोत 'बोलेतो दे रेग्रेसो'. मेक्सिकोत एक महत्त्वाचा फरकही आहे. पर्यटकाला जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, पण प्रत्यक्षात किती द्यायचे हे खिडकीवरचा अधिकारी ठरवतो. तुम्ही बारा दिवस म्हणालात तर तेवढ्याच हिशेबानं दिवस मिळू शकतात. तेव्हा तिथे खिडकी सोडण्याआधी किती दिवस दिलेत ते नीट वाचा, आणि आकडा तुमच्या परतीच्या तारखेला पुरत नसेल तर तिथेच, त्याच क्षणी विचारा.